रॉ डेनिम की धुतलेली डेनिम, फेड कसा येतो आणि कितीदा धुवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो, रोज लोकलने ऑफिसला जातो आणि गेली ६ वर्षं रॉ डेनिम घालतोय. ओळखीतल्या लोकांनी एकदा घालायला सुरुवात केली की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. यातलं बरंचसं आपल्याकडच्या हवेला धरून आहे, कारण धुण्याचे जे नियम सगळीकडे फिरतात ते जपान, अमेरिका, युरोपातल्या थंड हवेतल्या लोकांनी बनवलेत आणि मे महिन्यातल्या दादर स्टेशनवर ते चालत नाहीत.

रॉ डेनिम म्हणजे नक्की काय? साध्या जीन्सपेक्षा वेगळं काय असतं?

मागावरून कापड उतरलं, कापलं, शिवलं आणि तसंच दुकानात आलं, मधे एकदाही धुतलं नाही, ती रॉ. काही लोक ड्राय डेनिम पण म्हणतात. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक जीन्स शिवून झाल्यावर कारखान्यात धुतात, कधी प्युमिस दगड टाकून, कधी एन्झाइम घालून, वर मांडीवर सँडपेपर किंवा लेझर मारून पांढरट पट्टे काढतात, ती प्रीवॉश्ड.

फरक हात लावला की कळतो. विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते, ती रॉमध्ये तशीच राहते, त्यामुळे नवी जीन्स जवळजवळ पुठ्ठ्यासारखी असते, पहिल्या आठवड्यात जिना चढताना गुडघ्यामागे टोचते. प्रीवॉश्डमधली खळ गेलेली असते, जास्तीचा रंग गेलेला असतो आणि कापड जितकं आटायचं तितकं बहुतेक आटून झालेलं असतं.

दुकानदार रॉ आहे म्हणतो, पण खात्री कशी करायची?

आधी शिलाई बघा, खास करून पायाची खालची दुमड आणि बाजूची शिवण. एकदा धुतलेल्या जीन्सच्या शिवणीला बारीक लाटा येतात, कारण दोरा आणि कापड सारखं आटत नाही, आणि त्या लाटांच्या उंच भागावर रंग किंचित फिका दिसतो. रॉची शिवण इस्त्री केल्यासारखी सपाट असते. मग आतून कापड बघा, आडवा धागा रंगवलेला नसतो त्यामुळे रॉमध्ये आतली बाजू स्वच्छ पांढरट दिसते, धुतलेल्यामध्ये तिथे निळी झाक आलेली असते. लेबलवर रिन्स किंवा वन वॉश लिहिलं असेल तर ती गडद दिसली तरी एकदा पाण्यातून काढलेली आहे. त्यात वाईट काही नाही, पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तर तीच घे म्हणतो, आटण्याची कटकट राहत नाही.

रंग धुतल्याने जातो की घातल्याने?

दोन्हीने जातो, पण दोन्हीचा परिणाम अगदी वेगळा होतो, आणि हे एकदा नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

इंडिगो म्हणजे नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगवताना रसायन घालून तिला तात्पुरतं विरघळणारं रूप देतात, ते पिवळसर हिरवं असतं. उभ्या धाग्यांचे दोर त्या पाण्यात बुडवायचे, वर काढून हवेत धरायचे, हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होतात, आणि असं पुन्हा पुन्हा करत एकावर एक थर चढवायचे. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, बाहेरच कडं धरून बसते. सालासकट काकडीची चकती डोळ्यांसमोर आणा, वरची साल रंगीत आणि आत पांढरं, धागा आडवा कापला तर तसा दिसतो.

आता ही साल दोन प्रकारे निघते. तुम्ही घालता तेव्हा जिथे घडी पडते तिथेच, म्हणजे जांघेजवळच्या आडव्या चुण्या, गुडघ्यामागची जाळी, खिशातल्या मोबाईलची कड, तिथे कापड कापडावर घासतं आणि त्या घडीच्या माथ्यावरची नीळ उडते. घडीच्या पोटातली तशीच राहते. रंग असा उडून जी नक्षी उमटते तिलाच फेड म्हणतात. गडद आणि पांढरं शेजारी शेजारी येतं, कॉन्ट्रास्ट म्हणतात तो हाच. धुताना मात्र सगळंच कापड सगळीकडे घासलं जातं, जिथे घडी नाही तिथली नीळही थोडी थोडी निघते, आणि पूर्ण जीन्स एकसारखी फिकी व्हायला लागते.

त्यात खळीचा मोठा वाटा आहे. खळ असेपर्यंत कापड रोज त्याच जागी मोडतं, कागदाला एकदा घडी पडली की पुढच्या वेळी तो तिथेच दुमडतो ना, तसं. पहिल्या धुण्यात खळ गेली की कापड मऊ पडतं आणि चुण्या जागा बदलायला लागतात. म्हणजे पहिल्या धुण्याआधी चुण्या पक्क्या बसल्या की नाही यावर पुढचा सगळा फेड ठरतो.

मग सहा महिने धुवायचीच नाही, हे बरोबरच झालं की!

नाही. या नियमापायी माझी पहिली जीन्स फाटलीय.

ती १४ औंसाची होती, म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन १४ औंस, मध्यम जाड. नोव्हेंबरात घेतली, सहा महिने धुवायची नाही असं वाचलं होतं म्हणून मी ती मे संपेपर्यंत पाण्याला लावली नाही. मार्चपर्यंत सगळं छान होतं. एप्रिल मे मध्ये रोज तीच घालून सकाळच्या गर्दीत उभा, संध्याकाळी घरी येऊन काढली की कमरपट्टा ओला असायचा, आणि सुकला की जांघेत पांढरे मिठाचे ओरखडे दिसायचे. मला वाटलं फेड येतोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात रिक्षात बसताना टर्र आवाज आला, जांघेतल्या शिवणीच्या बाजूला चार बोटं फाटली होती.

शिवण धड होती, फाटलं ते कापड, आणि का ते नंतर कळलं. घाम सुकला की मीठ मागे राहतं, त्यात अंगाचा तेलकटपणा आणि रस्त्याची धूळ बसते, आणि हे सगळं मिळून धाग्यांच्या मधे बारीक वाळूसारखं काम करतं. मांड्या एकमेकींना घासतात तिथे प्रत्येक पावलाला आतून कापड झिजत जातं. थंड कोरड्या देशात घाम कमी, मीठ कमी, म्हणून तिथे सहा महिने निभावतात. शिवाय महिने मोजण्याला अर्थच नाही, एखादा महिन्यातून चारदा घालतो आणि एखादा रोज दहा तास, दोघांचे सहा महिने सारखे कसे होतील? घातलेले दिवस मोजा.

पण न धुतल्याने जंतू होतात का? घाण नाही का ती?

कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात २०११ मध्ये एका विद्यार्थ्याने १५ महिने न धुतलेली जीन्स वस्त्र विभागात तपासून घेतली होती, मग ती धुऊन १३ दिवस घालून पुन्हा तपासली, आणि दोन्ही वेळेला जीवाणूंची संख्या साधारण सारखीच निघाली. सगळ्यात जास्त जांघेतच होते. हा एकाच माणसाचा आणि एकाच जीन्सचा प्रयोग आहे आणि तोही थंड प्रदेशातला, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नका. एवढंच दिसतं की न धुतल्याने तब्येत बिघडेल ही भीती वाटते तितकी मोठी नाही. पण कापडाला मीठ लागतं ते लागतंच, वास येतो तो येतोच, आणि जांघेत घामोळं किंवा गजकर्ण असेल तर फेड विसरून लगेच धुवायची, दर वेळी.

सरळ आकडा सांगा ना, किती दिवसांनी धुवू?

माझ्या दुसऱ्या जीन्सचा हिशोब देतो, त्यावरून तुमचा काढा. ही पण १४ औंस, सॅन्फोराइज्ड, म्हणजे कापड आधीच वाफेवर दाबून आटवलेलं. नोव्हेंबरात सुरू केली, आठवड्यातून ४ दिवस. कपाटाच्या दाराच्या आत पेन्सिलने रेघा ओढत गेलो. पहिलं धुणं ५५ व्या दिवशी, फेब्रुवारीच्या शेवटी. तोवर जांघेजवळच्या चुण्या हाताला उंच लागत होत्या आणि जीन्स जमिनीवर पसरली तरी सपाट होत नव्हत्या, गुडघ्यामागची जाळी पण तशीच. चुण्या पक्क्या बसल्यात हे ओळखायची माझी खूण तीच आहे. त्यानंतर मार्च ते मे दर १२ ते १५ दिवसांच्या घालण्यानंतर धुतली आणि थंडीत पुन्हा २५ ते ३० वर गेलो.

म्हणजे पहिल्या धुण्याआधी साधारण ५० ते ६० दिवस घालायची, आणि सुरुवात शक्यतो दिवाळीनंतर करायची म्हणजे हे दिवस थंडीत पडतात. नाशिक, पुणे, कोल्हापूरला कोरडी हवा असेल तर थोडं पुढे ढकलता येईल. मुंबई, कोकण, गोव्यात नाही. आणि आकड्याच्या आधी जांघ बघा: कापड आतून चिकट किंवा कडक लागलं, पांढरे ओरखडे दिसले, रात्रभर वाऱ्यावर टांगूनही वास राहिला, तर ३० वा दिवस असला तरी धुवा. थोडा कॉन्ट्रास्ट कमी येईल पण जीन्स राहील.

पहिलं धुणं कसं करू? भीती वाटते.

बादलीत करा. बटणं लावा, उलटी करा. २० लिटरच्या बादलीत कोमट पाणी, अंगावर घेतलं तर गरम वाटणार नाही इतपतच, त्यात लहान चमचाभर सौम्य लिक्विड डिटर्जंट आधी विरघळवून घ्या. पावडर टाळा, बऱ्याच पावडरींमध्ये कपडे उजळवणारी रसायनं असतात आणि गडद निळ्यावर ती नको. जीन्स पूर्ण बुडवायची, लांब ठेवायची, गोळा करून कोंबायची नाही, कारण कडक कापडाला पाण्यात जी मोड पडते तिच्यावर रंग उडून उभ्या पांढऱ्या रेघा येतात आणि त्या पुढे जात नाहीत. अर्धा पाऊण तास भिजू द्या. मग जांघ, कंबर, गुडघ्यामागे तळहाताने दाबा, ब्रश नाही, आपटणं नाही.

पाणी बघून घाबरू नका. माझ्या बादलीतलं पहिलं पाणी दौतीतल्या शाईसारखं झालं होतं आणि वर पिवळसर तपकिरी तवंग, तो घाम आणि खळ. दुसरं पाणी निळं, तिसरं आकाशी, चौथ्याला बादलीचा तळ दिसला तिथे थांबलो. पिळायची नाही. मोरीत नळावर पाच दहा मिनिटं निथळत ठेवा, मग उलटीच कमरेकडून चिमटे लावून सावलीत टांगा, कारण उन्हानेही नीळ उडते आणि दोरीवर ज्या बाजूला ऊन लागतं तीच फिकी होते.

आटण्याचं म्हणाल तर सॅन्फोराइज्ड कापड साधारण १ ते ३ टक्के आटतं. माझी लांबी ३३ इंच होती ती ३२ इंचाच्या थोडी वर आली आणि तिथेच राहिली, कंबर जवळपास इंचभर आटली पण दोन दिवस घातल्यावर परत सैल झाली. म्हणून लांबी कमी करायची असेल तर पहिल्या धुण्यानंतरच टेलरकडे जा. अनसॅन्फोराइज्ड असेल तर ७ ते १० टक्के आटू शकते, तिला घालायच्या आधीच एकदा नुसत्या गरम पाण्यात भिजवून सुकवावी लागते, नाहीतर तुमच्या चुण्या एका मापावर बसतील आणि धुतल्यावर गुडघ्याची जाळी वर सरकलेली दिसेल.

मिठाच्या पाण्यात भिजवली तर रंग पक्का होतो ना? आई तुरटी पण सांगते.

आईचा सल्ला दुसऱ्या रंगांसाठी आहे. काही रंग पाण्यात विरघळून धाग्यात शिरतात, तिथे रंगवताना मीठ लागतं आणि तुरटी रंग धरून ठेवते, त्यातूनच घराघरात ही सवय आली. निळीचं तसं नाही, ती धाग्यावर न विरघळणारे कण होऊन बसलेली आहे, मिठाने किंवा व्हिनेगरने ते कण आणखी घट्ट होत नाहीत. उलट मीठ नीट धुतलं गेलं नाही तर तेच मीठ आपण जांघेत घालतोय जे काढायला धुतो.

फ्रीजरमध्ये ठेवली तर चालेल का?

नाही. घरच्या फ्रीजरच्या थंडीत बहुतेक जीवाणू मरत नाहीत, झोपतात, आणि अंगावर घातली की पुन्हा जागे होतात. मीठ आणि तेल तर जिथल्या तिथेच असतं. त्यापेक्षा रात्री खुर्चीवर बोळा न करता हँगरला उलटी टांगा, पंख्याखाली. निम्मं काम त्याने होतं.

आमच्याकडे मावशी कपडे धुतात, किंवा मशीन आहे. बादली कोण करणार?

मशीनला हरकत नाही, पण पहिल्या दोन वेळा बादलीच, कापड कडक असतं तोवर मशीनमध्ये त्या उभ्या रेघा हमखास येतात. नंतर उलटी करून, बटणं लावून, गार पाणी, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम, स्पिन कमीत कमी, ड्रायर बंद. पांढरे कपडे सोबत नको हे सांगायला नको.

मावशींना मात्र आधीच सांगून ठेवा, कारण त्यांच्या दृष्टीने बादलीभर निळं पाणी म्हणजे मळ आहे आणि तो जाईपर्यंत ब्रश मारणं हे चोख काम आहे. माझ्या मित्राच्या जीन्सच्या दोन्ही मांड्यांवर वडीच्या साबणाने आणि प्लास्टिकच्या ब्रशने असे धुरकट चट्टे पडलेत. त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रीवॉश्ड जीन्सला हे सगळं लागतं का? ती कितीदा धुवायची?

नाही लागत. तिची खळ गेलीय, चुण्या कारखान्यातच काढून झाल्यात, त्यामुळे वाट बघून मिळवायचं असं काही राहिलेलं नाही. वास आला, मळली, गुडघे सैल पडले की धुवा. आपल्याकडे उन्हाळ्यात ४ ते ५ दिवसांच्या घालण्यानंतर, थंडीत ८ ते १० नंतर, असं मी करतो. रोज रोज धुणं तिलाही वाईटच, दर धुण्याला ती थोडी फिकी होणार.

स्ट्रेच असेल, म्हणजे लेबलवर इलास्टेन किंवा स्पँडेक्स २ टक्के वगैरे लिहिलेलं असेल, तर गरम पाणी आणि ड्रायर अजिबात नको, उष्णतेने तो रबरासारखा धागा मरतो आणि मग गुडघ्याला पोंगा येतो तो धुऊनही जात नाही.

प्रीवॉश्डवर माझे स्वतःचे फेड येतील का?

येतील पण पुसट. त्यातून गंमत अशी होते की कारखान्याने काढलेल्या चुण्या एका मापाच्या पुतळ्यावर धरून काढलेल्या असतात, तुम्ही बसता तेव्हा तुमच्या चुण्या त्यांच्या दोन बोटं वर किंवा खाली पडतात. वर्षभराने दोन्ही दिसतात, एकावर एक. तुम्हाला स्वतःचा फेड हवा असेल पण रॉ झेपत नसेल तर वन वॉश, गडद, वर काहीही काम न केलेली घ्या. कॉन्ट्रास्ट रॉएवढा तीव्र येत नाही पण चुण्या तुमच्याच असतात.

पावसाळ्यात काय करता?

घालत नाही. जूनच्या सुरुवातीला धुऊन, दोन दिवस पूर्ण सुकवून, सैल घडी घालून ठेवून देतो आणि तीन महिने प्रीवॉश्ड घालतो. जाड डेनिम भिजली तर मुंबईच्या ऑगस्टमध्ये पंख्याखालीही दोन तीन दिवस ओली राहते आणि मग जो कुबट वास धरते तो एका धुण्यात जात नाही. न धुता मात्र ठेवू नका, घामाच्या कपड्यावर बुरशी येते आणि खळ असलेल्या कापडाला कसर लागते, ती खळच खाते. एकदाही न धुतलेली जीन्स जूनमध्ये हातात असेल तर तिचं पहिलं धुणं तेव्हाच उरकून घ्या.

सोफ्याला, बुटांना निळा रंग लागतो, तो कधी थांबतो?

पहिली दोन तीन धुणी होईपर्यंत लागतोच, नंतर बराच कमी होतो. तोवर पांढरे बूट, फिकी बॅग आणि दुसऱ्याचा क्रीम सोफा टाळा. कापडी सोफ्यावर लागला तर पाण्याने घासू नका, पसरतो, आधी कोरड्या पांढऱ्या फडक्याने टिपा.

फाटण्याआधी कळतं का?

कळतं, आणि आता मी दर धुण्यानंतर बघतोच. जीन्स उलटी करा, जांघेतला भाग खिडकीसमोर उजेडाला धरा. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे निळे उभे धागे झिजलेत आणि नुसते पांढरे आडवे धागे उरलेत. बोटाने हलकं ताणलं तर ते शिडीच्या पायऱ्यांसारखे वेगवेगळे दिसतात. या टप्प्यावर रफू झालं तर बाहेरून कळतही नाही, भोक पडल्यावर मात्र ठिगळ लावावं लागतं. रफूगाराकडे द्यायच्या आधी जीन्स धुतलेली हवी, मीठ बसलेल्या कापडावर रफू केलं तर ते शेजारून पुन्हा फाटतं. माझ्या दुसऱ्या जीन्सला डाव्या बाजूला अंगठ्याएवढा पातळ भाग १४ महिन्यांनी दिसला, स्टेशनजवळच्या रफूगाराने निळ्या दोऱ्याने मागे पातळ सुती कापड लावून भरून दिला, त्याला आता दीड वर्ष झालं आणि तो अजून धरून आहे.